दुपारी दोनला सुरू होणारी डोकेदुखी: एका ट्रकचालकाच्या तक्रारीचा उलगडा

तक्रार अशी होती. भीमरावभाऊ, वय ४६, दहा चाकी ट्रक. खामगावहून कापसाच्या गाठी भरायच्या आणि नांदुरा, मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे करत सुरत गाठायची. सकाळी गाडी निघते तेव्हा डोकं एकदम ठीक. भुसावळ मागे पडलं, जळगाव जवळ आलं की दोनच्या सुमारास कपाळ जड होतं, आणि एरंडोल-पारोळ्यापर्यंत चांगलंच ठणकायला लागतं. रात्री झोपून उठलं की साफ. फेब्रुवारीत हे कधीमधी व्हायचं, एप्रिलमध्ये जवळपास रोजचं झालं.

माझं खामगावात चष्म्याचं दुकान आहे आणि डोळे तपासायचं शिक्षण मी रीतसर घेतलंय. भाऊ माझ्याकडे आले ते डोकेदुखी घेऊन नाही, काळा चष्मा घ्यायला. "ताई, उन्हानं डोकं दुखते. चांगला काळाभोर गॉगल द्या, नंबरचा." तोवर बाकीचे सगळे उपाय करून झाले होते. बाम झाला, चहा झाला, टोपी झाली, मेडिकलवरची गोळी तर रोजची झाली होती. पाणी जास्त पिऊनही पाहिलं होतं. "दोन दिवस पेलो, काही फरक पडला नाही." त्याआधी एका शिबिरात डोळे तपासले होते, तिथे जुनाच नंबर कायम आहे असं सांगितलं होतं. म्हणजे पाण्याने फरक नाही, चष्म्यात दोष नाही, राहिलं फक्त ऊन.

गॉगल विकणं सोपं होतं, पण वेळ जुळत नव्हती. एप्रिलमध्ये दुपारी दोनला सूर्य अजून बराच वर असतो, केबिनच्या टपाच्या आड. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीच्या काचेतून तो तोंडावर येतो साडेचार-पाचनंतर, म्हणजे भाऊंच्या हिशोबात पारोळ्याच्या पुढे. डोकं मात्र त्याच्या अडीच-तीन तास आधीच दुखायला लागायचं. मी विचारलं, "येताना दुखतं का? येताना तर ऊन पाठीला असतं." भाऊ थांबले, मग म्हणाले, "येताना बी दुखते. थोडं कमी, पण दुखते." तिथे ऊन हे मुख्य कारण म्हणून बाद झालं. भर घालत असेल, पण सुरुवात त्याची नव्हती.

शेजारी गोलू उभा होता, त्यांचा क्लीनर. त्याला विचारलं, तुझं डोकं दुखतं का? नाही. हा प्रश्न मी मुद्दाम विचारते, कारण जुन्या गाडीत सायलेन्सरची नळी फुटलेली असेल आणि धूर केबिनमध्ये येत असेल तर कार्बन मोनॉक्साइडनेही असंच डोकं दुखतं, मळमळतं, आणि त्याला वास नसतो. पण तो वायू चालक आणि क्लीनर असा भेद करत नाही. दोघांचंही दुखत असेल, गाडीतून उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर दोघांनाही बरं वाटत असेल, तर डॉक्टरच्या आधी मेकॅनिककडे जा. इथे गोलू ठणठणीत होता आणि काचा दिवसभर उघड्याच असायच्या. गाडी जुनी, केबिनला एसी नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी बंधनकारक झालाय, पण त्याआधीच्या गाड्यांना त्याचा काय उपयोग?

दुसरा धागा वहिनींनी दिला. त्या म्हणाल्या, घरी असले की यांचं डोकं कधीच दुखत नाही. घरी भाऊ चष्मा काढून ठेवतात आणि माठातलं पाणी येता-जाता पितात. दोन्ही एकाच वेळी होतं, म्हणून घरच्या दिवसांवरून कोणतं कारण खरं हे कळत नाही. पण बघायचं कुठे, हे कळलं.

पुढे जाण्याआधी त्यांना आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्तदाब आणि साखर बघायला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला तहान, डोकेदुखी आणि चष्म्याचा त्रास एकदम सुरू झाला तर आधी मधुमेह नाही ना हे बघावंच लागतं, कारण साखर वाढली की तहान लागते आणि चष्म्याचा नंबरही तात्पुरता सरकतो. अशा वेळी बनवलेला चष्मा साखर आटोक्यात आल्यावर चुकीचा ठरतो. भाऊंची साखर आणि रक्तदाब दोन्ही मर्यादेत निघाले. आता मोकळेपणाने पुढे जाता येत होतं.

आधी पाणी घेतलं, कारण ते फुकट तपासता येतं.

मी त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत पोटात काय जातं ते सांगायला लावलं. पहाटे चहा. गाडी भरताना चहा. मलकापूरला नाश्ता आणि चहा. भुसावळजवळ जेवण, त्यासोबत एक पेला पाणी. एक लिटरची बाटली सीटमागे असते, ती जळगाव आलं तरी अर्धी भरलेलीच. लघवीला किती वेळा जाता? "सकाळी एकदा, मग जेवताना कधी गेलो तर गेलो." रंग? गडद पिवळा.

पाणी का पीत नाही, याचं उत्तर तहान लागत नाही असं नव्हतं. "पाणी पेलं का थांबा लागते, ताई. भरली गाडी कुठं उभी करू? साइडला घेतली का मागून कोणी ठोकते. गोलू झोपला असला तर ताडपत्री कापतेत, डिझेल काढतेत." हे खरं आहे आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी चालक हेच सांगतात. म्हणून 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. थांबायची जागा ठरल्याशिवाय पाणी पोटात जाणार नाही.

खात्री करायला एक साधी मोजणी केली. सुरतेच्या फेरीत ती जमत नाही, कारण तोच काटा दोन्ही वेळेला हवा. म्हणून अकोल्याला माल टाकून दुपारी परत यायचं होतं तो दिवस धरला. शेजारच्या मेडिकलमधल्या काट्यावर सकाळी निघताना लघवी करून, चप्पल काढून वजन घेतलं: ७४.२ किलो. चारच्या सुमारास परत आल्यावर तसंच, घामाचा शर्ट काढून आणि तसाच कोरडा शर्ट घालून: ७२.९. मधल्या वेळात जेवण, तीन चहा आणि अर्धी बाटली पाणी पोटात गेलं होतं, तरीही १.३ किलो कमी. एवढ्या तासांत चरबी एवढी जळत नाही, हे जवळजवळ सगळं पाणी. अंगाच्या वजनाच्या पावणेदोन टक्के. दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की डोकं जड होणं, चिडचिड आणि लक्ष ढळणं सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस दहा चाकी गाडीचं स्टिअरिंग धरून असतो. ट्रकचा वजनकाटा याला चालत नाही, गोलूने विचारलं होतं म्हणून सांगते. त्यावर दहा-वीस किलोचा फरकच दिसतो, एक-दीड किलो कुठला दिसायचा.

उपाय बाटलीवर नाही, गावांवर बांधला. निघण्याआधी घरीच दोन पेले. पहिली लिटरची बाटली मलकापूर यायच्या आत संपवायची. मलकापूरला नाश्त्याच्या जागीच बाटली भरायची आणि लघवी उरकायची. दुसरी बाटली भुसावळपर्यंत. तिथून पुढे ऊन कडक, म्हणून तिसरी एरंडोलच्या आत. थांबे फक्त तीन प्रकारचे: पेट्रोल पंप, टोलनाक्याचं स्वच्छतागृह आणि ठरलेला ढाबा. सगळीकडे उजेड आणि माणसांची वर्दळ असते, गाडी उभी करायला जागा असते. घोट घोट प्यायचं, दर वीस-पंचवीस मिनिटांनी. दोनला डोकं दुखायला लागल्यावर एकदम लिटरभर ओतलं तर त्यातलं बरंचसं लघवीतून निघून जातं आणि गाडी मात्र थांबवावी लागते. भाऊंनी आधी 'दोन दिवस पेलो' म्हणून जे केलं होतं ते हेच होतं.

पाण्यात मीठ-साखर घालायची का, हे त्यांनी विचारलं. जेवण व्यवस्थित असेल तर रोज गरज नाही. भाकरी, भाजी, लोणचं यातून मीठ मिळतं. पारा ४३-४४ ला असेल आणि शर्टावर घामाचे पांढरे डाग उमटत असतील तर दुपारच्या एका बाटलीत लिंबू, चिमटीभर मीठ, थोडी साखर. ओआरएसची लिटरची पुडी वापरली तर पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्येच, पेलाभर पाण्यात कालवून नाही, त्याने तहान उलट वाढते. पुडी नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी रोज मीठ घालायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं.

तपासायची खूण लघवीचा रंग. दुपारी दोनपर्यंत दोन-तीनदा जाणं झालं आणि रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर ही खूण फसवते, त्याने रंग पिवळाधमक होतो. आणि तहानेची डोकेदुखी ओळखायची रीत अशी: ती सबंध डोक्यात असते, वाकलं किंवा गाडीने खड्डा घेतला की वाढते, आणि पाणी पिऊन सावलीत बसलं तर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत उतरते.

या काळात चष्म्याला मी हात लावला नाही. हे मुद्दाम केलं. दोन्ही एकदम बदललं असतं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळलं नसतं, आणि जे बिनकामाचं तेही आयुष्यभर चालू राहिलं असतं.

पुढच्या फेऱ्यांनंतर भाऊ आले आणि खूश नव्हते. "अर्धं गेलं." नीट विचारल्यावर कळलं की दोनचं ठणकणं गेलंय. आता चार-साडेचारला दुखतं, फक्त भुवयांच्या वर, आडव्या पट्टीत. डोळे ओढल्यासारखे होतात. खड्डा आला तरी वाढत नाही. पाणी पिऊन जात नाही, पण गाडी थांबवून डोळे मिटून पंधरा मिनिटं बसलं की हलकं होतं. आणि एक गोष्ट जी त्यांनी आधी कधीच सांगितली नव्हती: पारोळ्याच्या पुढे मोबाइलवरचा नकाशा किंवा बिल वाचलं की अक्षरं आधी पुसट दिसतात, मग हळूहळू स्पष्ट होतात, आणि मान वर केली की रस्ता क्षणभर धूसर.

म्हणजे दोन दुखणी एकावर एक बसली होती. सकाळपासूनचा डोळ्यांचा ताण भरत यायचा, त्यावर दोनला तहान चढायची, आणि सगळं मिळून एकच 'डोकं' वाटायचं. म्हणून कुठलाही एकच उपाय केला की राहिलेलं दुखणं तितकंच ठळक वाटायचं आणि 'फरक नाही' असा निकाल लागायचा. पाण्याचा निकाल असाच लागला होता. शिबिरातला निकाल तर आणखी गंमतीचा निघाला.

चष्मा सहा वर्षांपूर्वीचा. मशीनवर लावून पाहिला तर दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वा. काचांवर मधोमध बारीक रेघांचं जाळं, कारण पुसायला धुळीचा गमछा. वरचा थर तडकलेला, कारण चष्मा ठेवायची जागा डॅशबोर्ड, आणि उभ्या गाडीत उन्हात तिथलं तापमान कोणत्याही कोटिंगला झेपत नाही. या रेघांवर उन्हाची तिरीप पडली की समोर दुधी पडदा येतो. हे सगळं खरं, पण तिरीप पाचनंतरची आणि दुखणं चारचं, तेव्हा नंबरच तपासायला हवा होता.

तपासणीला त्यांना सकाळी बोलावलं, रात्रभर झोप झालेली असताना. दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाचे डोळे आत आवळलेले असतात. अशा वेळी मोजलं तर मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. शिबिरात हेच झालं असणार, असं मला वाटतं. भाऊ गेले होते संध्याकाळी, फेरीवरून परस्पर. वर तिथे 'कॉम्प्युटरवर' डोळे तपासले आणि मशीनने छापलेला आकडा जुन्या नंबराशी जुळला म्हणून तोच कायम ठेवला. त्या मशीनमध्ये डोकावताना माणूस नकळत जवळचं बघितल्यासारखे डोळे आवळतो, त्यामुळे तिचा आकडा ही सुरुवात असते, नंबर नव्हे.

मी उलट्या बाजूने निघाले. ट्रायल फ्रेम चढवली, एक डोळा झाकला आणि दुसऱ्यापुढे आधी प्लस काच लावून तक्ता मुद्दाम धूसर केला. डोळा आवळून धूसरपणा वाढतोच, त्यामुळे त्याला सैल होण्यावाचून पर्याय राहत नाही. दोन-तीन मिनिटं तसंच बसवलं. मग पाव-पाव नंबराने प्लस उतरवत, मायनस चढवत नेलं. उजव्या डोळ्याने मायनस अर्ध्यावर खालची ६/६ ची ओळ वाचली. आणखी पाव मायनस घातल्यावर भाऊ म्हणाले, "हे चांगलं. अक्षर काळंकुट्ट झालं." मी विचारलं, जास्त अक्षरं वाचता येतात की तीच अक्षरं काळी आणि बारीक दिसतात? "बारीक दिसतेत." इथेच मायनस थांबवायचा असतो. काळी आणि लहान दिसणारी अक्षरं स्पष्ट वाटतात, लोक तोच नंबर मागून घेतात, आणि दिवसभर डोळा तो जादा मायनस आतून फेडत बसतो. खात्रीला लाल-हिरवा तक्ता: जुन्या नंबरावर हिरव्यातली अक्षरं लाल भागापेक्षा ठळक, म्हणजे मायनस जास्त. मायनस अर्ध्यावर दोन्ही सारखी. डाव्या डोळ्यालाही अर्धाच निघाला.

म्हणजे पाऊण नंबर जादा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हिशोब करून बघा. डोळ्याची जवळ बघायची ताकद वयाबरोबर घटते. ४६ व्या वर्षी साधारण चार नंबरांएवढी उरलेली असते, आणि त्यातली निम्मी वापरली तरच दिवसभर आराम वाटतो. हातभर अंतरावर, चाळीस सेंटिमीटरवर वाचायला अडीच लागतात. त्यात चष्म्याचा जादा पाऊण मिळवला की सव्वातीन, म्हणजे जवळजवळ सगळी पुंजी. पाऊण मीटरवरच्या डॅशबोर्डच्या काट्यांकडे बघायला एरवी सव्वा-दीड, जुन्या चष्म्यातून दोनच्या वर. आणि नुसता लांबचा रस्ता बघताना, जिथे डोळा पूर्ण सैल हवा, तिथेही पाऊणचा खर्च सकाळपासून चालूच. चाळिशीत तो परवडत होता, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. नंबर तोच राहिला, ताकद घटली.

गॉगलचा विषय इथे संपला असं नाही, पण त्याचं उत्तर बदललं. काळ्या काचेत जुना नंबर घातला असता तर डोकेदुखी तशीच राहिली असती. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचाही मी दिल्या नाहीत. त्या अतिनील किरणांनी काळ्या होतात आणि गाडीची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते, त्यामुळे केबिनमध्ये त्या नावापुरत्याच रंगतात. शेवटी चष्म्यावर अडकवायची काळी क्लिप ठरली, पारोळ्यापुढे तिरप्या उन्हात लावायची आणि सूर्य बुडाला की काढायची.

नवीन चष्म्यात वर मायनस अर्धा आणि वाचण्यासाठी खाली सव्वाची भर, असा बायफोकल केला. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारा चष्मा, मी मुद्दाम टाळला. त्यात कडेला धूसर पट्टे असतात आणि ट्रकवाला आरसे बघताना मान फार न वळवता डोळे कडेला नेतो, नेमका त्या पट्ट्यांतून. सवय होते, पण भाऊंच्या बाबतीत गरजच नव्हती. बायफोकलची खालची खिडकी मात्र नेहमीपेक्षा तीन मिलिमीटर खाली बसवून घेतली. नेहमीच्या उंचीला बसवली तर बॉनेटपलीकडचा रस्ता खिडकीत येतो, आणि केबिनमधून उतरताना पायरी पुसट दिसते. उंच केबिनमधून पाय चुकला तर काय होतं ते चालकांना सांगायला नको. तरीही उतरताना हनुवटी छातीला टेकवून वरच्या भागातून पायरी बघायची, हे दुकानाच्या पायऱ्यांवर दोन-तीनदा करून घेतलं.

चार दिवसांत भाऊ परत. "ताई, पहिला बरा होता. यातून लांबचं फिकं दिसते." हे होणारच होतं आणि आधीच सांगून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं आवळून राहिलेला डोळा एका दिवसात सैल होत नाही, तो सैल होईपर्यंत दूरचं किंचित धूसर वाटतं. अशा वेळी नंबर वाढवून द्यायचा नाही. पण धूसर म्हणजे किती, हे मोजायचं. तक्त्यावर त्यांनी दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचलं, मग मी नंबर तसाच ठेवला. ६/९ च्या खाली वाचलं असतं तर अर्ध्या वाटेवरचा नंबर देऊन दोन टप्प्यांत उतरवलं असतं, कारण चालकाला धूसर डोळ्यांनी रस्त्यावर सोडता येत नाही. दोन आठवडे द्यायचे ठरले, पहिल्या काही फेऱ्या फक्त दिवसाउजेडी. त्या मुदतीच्या आतच तक्रार बंद झाली.

गोळीचं काय झालं हे सांगायला हवं, कारण तिथे तिसरं दुखणं तयार होत होतं. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर घेत राहिलं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळी उतरली की दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. भाऊ त्या हद्दीच्या अलीकडे होते. शिवाय शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक जातीची गोळी रोज घेणं मूत्रपिंडांना बाधतं, आणि भाऊ नेमकं तेच करत होते. डॉक्टरांनी ती बंद करायला लावली आणि बंद केल्यावर काही दिवस डोकं वाढून दुखू शकतं हे आधीच सांगितलं. ते तसं दुखलंही, दोन-तीन दिवस. चहा मात्र एकदम तोडायचा नाही, त्यानेही डोकं दुखतं. भाऊंनी दुपारचा एक कमी केलाय, एवढंच.

हा सगळा शोध सकाळी साफ असलेल्या, दुपारी चढणाऱ्या आणि विश्रांतीने उतरणाऱ्या डोकेदुखीसाठी आहे. डोकं एकदम, काही क्षणांत, आयुष्यात कधी नव्हे इतकं दुखलं, एका बाजूचा हातपाय जड पडला, बोलणं अडखळलं, किंवा एक डोळा लाल होऊन दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तर गाडी तिथेच लावा आणि दवाखाना गाठा, पाणी आणि चष्मा नंतर. पहाटे डोकेदुखीनेच जाग येत असेल तरी हा लेख तुमच्यासाठी नाही. आणि उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं असलं, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

भाऊंचं डोकं अजूनही कधीतरी दुखतं. विचारलं की बहुतेक वेळा बाटली मलकापूरला भरायची राहिलेली असते, किंवा माल उतरायला उशीर होऊन रात्र जागून काढलेली असते. जागरणाचं दुखणं या दोन्ही उपायांनी जात नाही, त्याला झोपच लागते. नंबर वर्षाने पुन्हा तपासायचा आहे, कारण पन्नाशीकडे जाताना वाचायची भर दर दोनेक वर्षांनी वाढत जाते.

जुना चष्मा ते जादा म्हणून गाडीत ठेवणार होते. मी ठेवू दिला नाही. नवा फुटला की तोच डोळ्यावर चढणार आणि सगळं पुन्हा सुरू होणार. फ्रेम धड होती, तेव्हा तिच्यातच नव्या नंबराच्या फक्त लांबचं बघायच्या काचा बसवल्या. तो चष्मा डबीत, सीटखालच्या कप्प्यात असतो, सोबत पुसायला सुती फडकं.